सिगारेटने जळलेला कार्पेट आणि सोफा: लव कापून, धागे मिसळून डाग कसा घालवायचा

सिगारेट साधारण ८ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे ती टोकावर पडली तर जळलेला ठिपकाही तेवढाच होतो, आणि आडवी पडून राहिली तर दोन-तीन सेंटीमीटरची काळी रेघ होते. एवढ्याशा डागासाठी लोक कार्पेट बदलायला निघतात नाहीतर त्यावर कायमचं टेबल सरकवून ठेवतात, पण जळणं लवेपुरतंच असेल, म्हणजे खालच्या विणीपर्यंत किंवा कार्पेटच्या पाठीपर्यंत गेलं नसेल, तर ते घरी दुरुस्त होतं. नुसतं झाकायचं नाही, खरोखर शोधावं लागेल इतकं दिसेनासं होतं. फक्त कात्री कुठे थांबवायची ते कळलं पाहिजे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जळलेल्या जागेत आपल्या नजरेला दोन वेगवेगळ्या गोष्टी खुपतात, एक काळा रंग आणि दुसरी खड्ड्याची सावली. काळं काढायला सगळेच जातात आणि ते दोन मिनिटांत निघतंही, पण काळं कापून टाकलं की तिथे सरळ उभ्या काठाचा छोटा खड्डा राहतो आणि त्या काठाची सावली पडून परत काळा ठिपकाच दिसतो. मग माणसाला वाटतं अजून जळकं राहिलंय, तो अजून खोल कापतो, खड्डा वाढतो, आणि शेवटी खालची पाठ दिसायला लागते. म्हणून कापायचं कमीत कमी, आणि जास्त वेळ द्यायचा तो काठ उतरता करण्याला आणि गेलेले धागे परत भरण्याला.

सगळ्यात आधी: आत आग नाही ना

डाग ताजा असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा. सोफ्याच्या कापडाखाली फोम असतो आणि तो वरून काही न दिसता आतल्या आत बराच वेळ धुमसत राहू शकतो. हात ठेवून बघा, कोमट लागतंय का, धुराचा वास वाढतोय का. जरा जरी शंका आली तर कुशन उचलून उघड्यावर न्या, कव्हर उघडून त्या जागी भरपूर पाणी घाला आणि काही तास नजर ठेवा. कुशन हलवता येत नसेल किंवा धूर दिसत असेल तर स्वतः काही करत न बसता फायर ब्रिगेडला बोलवा. कार्पेटच्या खाली फोमचं अस्तर असेल तर तिथेही हात लावून खात्री करा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी केली तरी काही बिघडत नाही, फक्त तोवर त्या काळ्यावर बोट किंवा फडकं घासू नका, काजळी धाग्याच्या मुळात जाते आणि ८ मिलिमीटरचा डाग चार सेंटीमीटरचा होतो.

धागा कुठला आहे ते ओळखा

लोकर आणि नायलॉन जळतात अगदी वेगळ्या पद्धतीने, त्यामुळे हे पाऊल गाळू नका. कार्पेटच्या एखाद्या लपलेल्या कोपऱ्यातून किंवा सोफ्याच्या खालच्या शिवणीतून एकच धागा काढा, चिमट्यात धरा, सिंकवर जा, शेजारी पाणी ठेवा आणि लायटरने टोक पेटवा. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी झाला तर तो सिंथेटिक, म्हणजे नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. वितळता थेंब बोटावर पडला तर चांगलंच भाजतं, म्हणून चिमटा हवाच. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली गेली तर लोकर. जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख असेल तर सुती किंवा व्हिस्कोस. मिश्र धागा असेल तर दोन्ही लक्षणं दिसतील, मणी होईल पण तो पूर्ण कडक नसेल.

याचा उपयोग असा की लोकर वितळत नाही, तिचा वरचा भाग कोळसा होतो आणि तो कोळसा ठिसूळ असतो. चिमट्याने किंवा नखाने हलकंच चुरलं आणि व्हॅक्यूमने ओढून घेतलं तर कितीतरी वेळा खाली चांगला धागा सापडतो आणि कात्री जवळजवळ लागतच नाही. सिंथेटिकचं तसं नाही. तिथे टोकं वितळून एकमेकांना चिकटलेली असतात, वर काळा, काचेसारखा कडक थर असतो, आणि तो चुरून जात नाही, त्याच्या खालून कापावंच लागतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १७० अंशांनाच वितळतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर २२० ते २६०च्या दरम्यान, आणि सिगारेटचं पेटतं टोक यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, म्हणून नुसत्या स्पर्शानेही सिंथेटिक लवेत लगेच खड्डा पडतो.

लागणारं सामान

फार काही नाही. नखं कापायची वाकड्या टोकाची छोटी कात्री (शिवणकामाची मोठी कात्री इथे चालत नाही), बारीक टोकाचा चिमटा, एक जाड सुई, टूथपिक, टॉर्च, पांढरं सुती फडकं, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, आणि ब्रश नसलेल्या अरुंद नळीचा व्हॅक्यूम क्लीनर. भरायचं काम असेल तर सुकल्यावर पारदर्शक आणि लवचिक राहणारा फॅब्रिक ग्लू किंवा लॅटेक्सचा कार्पेट ग्लू. सुपरग्लू अजिबात नको, तो सुकल्यावर दगडासारखा कडक होतो, आजूबाजूला पांढुरकी झाक सोडतो, आणि सुती धाग्यावर पडला तर गरम होतो. हॉट ग्लू गनही नको, तिच्या उष्णतेने पॉलिप्रॉपिलीनचे धागे परत वितळतात.

एक उदाहरण घेऊन पूर्ण काम करू

समजा फिकट तपकिरी नायलॉनचं कार्पेट आहे, कट पाइल, म्हणजे लवेची टोकं कापलेली आणि मोकळी उभी आहेत. डाग गोल आणि ८ मिलिमीटरचा. घरोघरी बहुतेक हाच प्रकार असतो आणि यात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी बाकीच्या कापडांवरही येतात.

पहिलं काम खोली मोजायचं. टूथपिक चांगल्या लवेत तळाला टेकेपर्यंत उभी खुपसा आणि लवेच्या वरच्या पातळीला नखाने खूण करा. समजा लव १० मिलिमीटर निघाली. आता तीच टूथपिक जळलेल्या जागेत मधोमध टेकवा आणि जळका पृष्ठभाग कुठे येतो ते बघा. समजा तो ६ वर आला, म्हणजे ४ मिलिमीटर गेलेत. माझा हिशोब असा की एकूण लवेच्या एक तृतीयांशापर्यंत जळलं असेल तर नुसतं कापून आणि काठ उतरवून भागतं, त्यापेक्षा खोल असेल तर बाहेरचे धागे आणून भरावे लागतात, आणि तळाची पाठच जळली असेल तर हे काम या पद्धतीचं नाही, तिथे तुकडा कापून नवा बसवायला लागतो. आपलं उदाहरण दुसऱ्या प्रकारातलं, १० पैकी ४, म्हणजे कापायचंही आणि भरायचंही. हे आधी ठरवलं की मग "अजून थोडं कापून बघू" हा मोह होत नाही, कारण पुढे भरायचंच आहे हे माहीत असतं.

आता व्हॅक्यूमची अरुंद नळी डागाच्या वर धरून सुटी राख ओढून घ्या, घासू नका. मग एका जाड कागदाला एक सेंटीमीटरचं भोक पाडा आणि तो कागद डागावर असा ठेवा की जळके टफ्ट, म्हणजे लवेचे छोटे झुबके, भोकातून वर येतील आणि चांगली लव कागदाखाली दबलेली राहील. साधी युक्ती आहे पण चांगले धागे चुकून कापले जाणं यामुळे थांबतं.

कात्री धरायची ती वाकडी टोकं वरच्या बाजूला करून, म्हणजे टोकं लवेत घुसत नाहीत. सुईने चिकटलेले धागे उचला, शक्य तिथे वेगळे करा. दोन-तीन धागे मिळून एकच मणी झाला असेल तर तो चिमट्यात घट्ट दाबा, बारीक मणी तडकतो आणि धागे सुटतात, न तडकला तर मण्याच्या लगेच खाली कापा. एका वेळी फार तर एक मिलिमीटर, आणि चार-पाच वेळा कात्री चालवली की व्हॅक्यूम, कारण कापलेले काळे कण खाली पडून राहिले की खालचा चांगला धागाही जळका वाटतो.

इथे एक टप्पा असा येतो जिथे बहुतेक काम बिघडतं. कडक काळा थर गेला, हाताला धागे मऊ लागतात, पण रंग अजून पिवळट-तपकिरी आहे. आता कापायचं नाही. ही झाक बऱ्याचदा जळण्याची नसून धुराची आणि काजळीची असते. कपभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, फडकं बुडवून घट्ट पिळा, आणि टोकांवर नुसतं टिपत रहा, फडक्याची जागा बदलत. नंतर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने साबण काढा आणि पूर्ण वाळू द्या. ओला धागा नेहमी गडद दिसतो, त्यामुळे ओल्यावर काहीच ठरवायचं नाही, काही तास थांबा आणि मग बघा. वाळल्यावरही ज्या टोकांवर तपकिरी राहिलंय तेवढीच टोकं कापा. फिकट लोकरीवर पिवळी झाक राहिली तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाने अगदी थोडं लावतात, पण आधी लपलेल्या जागेवर लावून वाळेपर्यंत बघायचं, कारण काही रंग उडतात. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच लोकरीला कधीच लावू नका, लोकर त्यात विरघळते.

काठ उतरवणं

खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च जमिनीवर आडवी ठेवा आणि तिचा प्रकाश डागावरून घासून जाऊ द्या. वरून दिसत नव्हता तो खड्डा आता स्पष्ट दिसतो, एका बाजूला काळी सावली आणि समोरच्या बाजूला उजळ कड. दर थोड्या वेळाने टॉर्चची बाजू बदलत हे करायचंय, एकाच बाजूने बघितलं तर तिथून छान दिसतं आणि दुसऱ्या दाराने आत आलेल्या माणसाला मात्र लगेच दिसतं.

खड्ड्याच्या लगतचे टफ्ट दीड-दोन मिलिमीटर कमी करायचे, त्याच्या बाहेरचे एक मिलिमीटर, त्याच्याही बाहेर नुसती टोकं चाटून जायचं. सगळं मिळून तीन सेंटीमीटरच्या गोलात हे संपलं पाहिजे, त्यापेक्षा पसरलं तर ती जागा झिजल्यासारखी दिसायला लागते, आणि जळक्या ठिपक्यापेक्षा झिजलेला गोल काही बरा नाही. कात्री आडवी धरून सपाट कापलं तर पायऱ्या पडतात, म्हणून थोडं आडवं कापून झालं की कात्री जवळजवळ उभी धरा आणि टोकांत अधेमध्ये चावत जा, न्हावी केस कापून झाल्यावर उभ्या कात्रीने लांब-आखूड एकमेकांत मिसळतो तसं. त्यामुळे शेजारशेजारचे धागे कमी-जास्त लांबीचे होतात आणि डोळ्याला सरळ रेषा सापडत नाही. अधूनमधून टूथब्रशने लव उलटीसुलटी करा, दबलेले लांब धागे वर येतात, तेही कापून घ्या.

इथे कापलेली चांगली टोकं फेकू नका, एका पांढऱ्या कागदावर जमा करा. ती याच कार्पेटची, याच जागेची, इतकीच वापरलेली आणि इतकाच उजेड खाल्लेली आहेत, रंग जुळवायला ती पुढे लागणार आहेत.

जळणं उथळ असतं तर काम इथेच संपलं असतं. आपल्या उदाहरणात मधे अजून चारेक मिलिमीटरचा खड्डा आहे, तर पुढे जाऊ.

धागे भरणं

धागे आणायचे ते त्याच कार्पेटच्या न दिसणाऱ्या भागातून, जड कपाटाखालून, भिंतीच्या कडेला, कपाटाच्या आतल्या जमिनीवरून. एकाच ठिकाणचे उपटू नका, एक टफ्ट इथला, दुसरा दोन-तीन सेंटीमीटर सोडून, असं विरळ घेतलं की तिथे कळतही नाही. ओढायचं नाही, तळाजवळ कापायचं, म्हणजे लांबी पूर्ण मिळते. लांबी जास्त असलेली चांगली, नंतर कापता येते. प्रत्येक टफ्टला पीळ असतो, तो उकलू देऊ नका, पीळ सुटलेला धागा वेगळा चमकतो आणि भरलेली जागा धुरकट दिसते. वाटतं त्यापेक्षा जास्त टफ्ट लागतात, ८ मिलिमीटरच्या जागेसाठी अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा ढीग तरी हवा.

रंगाचं मात्र बघून घ्या. कपाटाखालचं कार्पेट उन्हाने फिकं झालेलं नसतं, त्यामुळे तिथले धागे वेगळे दिसू शकतात. दिवसाच्या उजेडात डागाशेजारी, मघाशी जमा केलेल्या टोकांबरोबर ठेवून बघा. फरक दिसला तर उघड्या भागात, बऱ्याच अंतरावर पसरून, एकेक टफ्ट घ्या आणि दोन्ही मिसळून वापरा. काठाला उघड्या भागातले जास्त, मधे लपलेल्या भागातले जास्त. सगळा फरक एका जागी गोळा झाला की दिसतो, विखुरला की दिसत नाही.

ग्लू टूथपिकच्या टोकाने उरलेल्या खुंटांच्या मुळात लावायचा, अगदी पातळ. तो खुंटांच्या वरच्या टोकांना लागला तर सुकल्यावर एक चकचकीत कडक डबकं तयार होतं, पायाला टोचतं आणि त्यावर धूळ बसून परत काळा ठिपका होतो. एक-दोन मिनिटं थांबा, ग्लू जरा चिकट झाला की टफ्ट उभा राहतो, पातळ असताना आडवा पडतो. चिमट्याने टफ्ट खालच्या टोकाला धरा, टोक ग्लूला हलकं टेकवा आणि खुंटांच्या मधल्या फटीत बसवा. लव कुठल्या दिशेला झुकलेली आहे ते हात फिरवून आधी बघा आणि नवे टफ्टही त्याच बाजूला कललेले ठेवा. बाहेरच्या काठापासून सुरुवात करून आत यायचं, मधे सुरुवात केली तर काठाला फट राहते. आजूबाजूपेक्षा थोडं दाट भरा, कारण पहिल्या काही दिवसांत एखाददुसरा टफ्ट निघतोच. आणि सगळे दोनेक मिलिमीटर उंच राहू द्या.

त्यावर वजन ठेवू नका, लव चपटी होऊन तशीच चिकटते. खुर्ची आडवी ठेवून २४ तास कुणाला तिथे पाय ठेवू देऊ नका. पूर्ण सुकल्यावर बोटाने हलकं ओढून बघा, सैल असतील ते निघतील, तिथे परत भरा. मग टॉर्च, मग कात्री, पुन्हा उभी धरून टोकं मिसळायची. शेवटी वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटीमीटर वर धरून काही सेकंद वाफ द्या आणि टूथब्रशने लव दोन्ही बाजूंना विंचरून मग मूळ दिशेला बसवा. इस्त्रीचा तवा टेकू द्यायचा नाही, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनला. व्हिस्कोसचं कार्पेट असेल तर वाफही नको आणि पाणीही कमीत कमी, त्यावर पाण्याचे डाग उमटतात आणि लव खरखरीत होते. पुढचे काही दिवस फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम त्या जागेवरून नेऊ नका.

लूपचं कार्पेट असेल तर

लूप पाइलमध्ये धागा कापलेला नसतो, एकच लांब धागा वर-खाली जात फंदे करतो. अशा कार्पेटमध्ये लटकणारा फंदा ओढलात तर पुढचे फंदेही उसवत रांगच्या रांग निघू शकते, म्हणून ओढणं पूर्ण बंद. फंद्याचं फक्त डोकं जळलं असेल तर तेवढं डोकं कापा, खाली उरलेल्या दोन्ही टोकांच्या मुळात ग्लूचा ठिपका द्या आणि शेजारच्या फंद्यांकडे कलवून बसवा. काठ उतरवायचा प्रकार इथे करू नका, चांगल्या फंद्यांची डोकी कापली की ती मोकळी टोकं फुलतात आणि त्यांचा वेगळाच केसाळ ठिपका दिसतो. दोन-तीनपेक्षा जास्त फंदे गेले असतील तर लपलेल्या जागेतून तेवढाच लांब धागा घेऊन त्याचे फंदे सुईने वळवून एकेक करून चिकटवायचे. वेळखाऊ आहे, पण दुसरा उपाय मला पटत नाही.

सोफ्याचं कापड

पद्धत तीच, पण जागा खूपच कमी. कार्पेटची लव १० मिलिमीटर असेल तर सोफ्याच्या वेल्वेटची जेमतेम एक-तीन मिलिमीटर असते, त्यामुळे चुकायला वावच नाही. वेल्वेट आणि शेनीलवर कात्रीपेक्षा आधी चिमट्याने जळकी टोकं चुरून, मऊ टूथब्रशने लवेच्या दिशेने झटकून बघा. उरलेलं काळं एकेरी ब्लेडने, कापडाला जवळजवळ समांतर धरून, दाब न देता खरवडा. खालची वीण जाळीसारखी दिसायला लागली की थांबा. त्या जागी भरायचे धागे कुशनच्या कव्हरच्या आत, चेनजवळच्या शिवणीतल्या जास्तीच्या कापडातून मिळतात, आणि ते मिळवायला कुशन उघडलंच आहे तर आतला फोमही बघून घ्या.

वेल्वेटमध्ये टफ्ट उभे करता येत नाहीत, म्हणून धागे कात्रीने एक-दोन मिलिमीटर लांबीचे बारीक चिरा, जवळजवळ भुगा. जळलेल्या जागेत ग्लूचा पातळ थर द्या, त्यावर हा भुगा भरपूर पेरा, आणि बोटाने न दाबता सुईच्या टोकाने टोचत टोचत उभा करा. सुकल्यावर जास्तीचा झटकून टाका. एका थरात जागा भरली नाही तर दुसरा थर, पण पहिला पूर्ण सुकल्यावरच.

मायक्रोफायबरचा, सुएडसारखा दिसणारा सोफा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो आणि जळल्यावर ठिपक्याभोवती कडक कडा राहते. ती नेल फाइलने किंवा अगदी बारीक सँडपेपरने दोन-चार वेळा हलकंच घासून मऊ करा, फक्त कडेवर, बाहेर नाही. कडा मऊ झाली की आजूबाजूची बारीक लव ब्रशने तिच्यावर आणता येते आणि छोटा ठिपका तेवढ्यानेही दबून जातो.

साधं सपाट विणलेलं कापड असेल, ज्याला लवच नाही, तर कापून मिसळायला काही नसतंच. नुसता वरचा तंतू करपला असेल तर चुरून आणि टिपून स्वच्छ होतं. भोक पडलं असेल तर आतून आधार द्यावा लागतो: त्याच किंवा त्याच रंगाच्या कापडाचा भोकापेक्षा सगळीकडून एक सेंटीमीटर मोठा तुकडा चिमट्याने भोकातून आत सरकवून सपाट पसरा, भोकाच्या कडा उचलून खालून ग्लू लावा, कडा एकमेकींजवळ आणून तुकड्यावर दाबा, वर बेकिंग पेपर आणि पुस्तक ठेवून सुकू द्या, मग उरलेल्या फटीत चिरलेला धाग्याचा भुगा ग्लूवर पेरा. हे सोफ्याच्या हातावर किंवा पाठीवर चांगलं टिकतं. बसायच्या जागेवर मात्र सतत ताण आणि घर्षण असतं, तिथे काही महिन्यांत कडा सुटायला लागतात, म्हणून कुशन उलटता येत असेल तर ती बाजू खाली करा, आणि येत नसेल तर अपहोल्स्टरीवाल्याकडून त्या भागाचं कापडच बदलून घेणं परवडतं.

हाताने गाठी मारलेला जुना गालिचा किंवा रेशमी गालिचा असेल तर यातलं काहीच करू नका, नुसती राख व्हॅक्यूम करा आणि रफूगाराकडे द्या. अशा गालिच्यात तो गेलेल्या धाग्यांच्या जागी नव्या गाठी मारू शकतो, आणि आपण आधी ग्लू लावून ठेवला असेल तर त्याला तो काढत बसावं लागतं.

धाग्यांचं काम उत्तम झालं तरी जळका वास काही दिवस राहतो. त्यावर स्प्रे मारण्यापेक्षा, ग्लू पूर्ण सुकल्यानंतर, खाण्याचा सोडा हलका पेरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रश नसलेल्या नळीने ओढून घ्या. दोनदा करूनही वास येत राहिला तर तो बहुतेक लवेतून नाही, खालच्या फोममधून येतोय, तेव्हा कव्हर काढून फोमचा करपलेला भाग चाकूने कापून तिथे नवीन फोमचा तुकडा बसवावा लागेल.